लग्नाआधीची थॅलेसेमिया तपासणी: रिपोर्ट कसा वाचावा आणि पुढे काय करावे

आमच्याकडे लग्नाची बोलणी बहुधा गणपतीत किंवा शिमग्याला होतात, कारण मुंबई-पुण्याची माणसे तेव्हाच गावी येतात, आणि लग्न मे महिन्यात उरकले जाते. मधल्या काळात कोणीतरी ‘थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या’ असे सुचवते, दोघांचे रक्त दिले जाते आणि हाती आकड्यांनी भरलेला एक कागद पडतो. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरताना आमच्या घरी हे सर्व झाले. आम्ही चिपळूणजवळचे, मुलाकडचे गुहागर तालुक्यातले. रक्त देणे सोपे होते. तो कागद वाचणे आणि त्यावर विसंबून निर्णय घेणे मात्र कठीण गेले, म्हणून या लेखातही तोच भाग अधिक आहे.

१. तपासणी नेमकी कशासाठी, ते आधी समजून घ्या

हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. एका प्रतीत दोष असेल तर तो माणूस वाहक ठरतो, ज्याला रिपोर्टवर ‘थॅलेसेमिया मायनर’ किंवा ‘ट्रेट’ म्हणतात. वाहकाला कोणताही आजार नसतो. रक्त किंचित कमी असते एवढेच, आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. दोन्ही प्रती सदोष असलेल्या मुलाला मात्र थॅलेसेमिया मेजर होतो. सहा महिने ते दोन वर्षे या वयात ते फिकट पडू लागते, पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्तातून साठणारे लोह शरीराबाहेर काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते.

म्हणजेच तपासणीचा प्रश्न एवढाच असतो की दोघेही वाहक आहेत का. एकजण वाहक असून दुसरा निश्चितपणे वाहक नसेल, तर मूल वाहक होण्याची शक्यता प्रत्येक खेपेस निम्मी राहते, पण त्याला मेजर होत नाही. अशा जोडप्याने चिंता करण्याचे कारण नाही. ‘मुलीत दोष निघाला’ म्हणून ठरलेले लग्न मोडणारे लोक हाच मुद्दा विसरतात.

हा सिंधी, लोहाणा किंवा कच्छी समाजाचा आजार आहे, आपल्याकडे नाही, असेही सर्रास ऐकू येते. त्या समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे हे खरे, पण भारतात सरासरी शंभरात तीन ते चार माणसे वाहक असतात आणि कोकणातल्या मराठी घरांतही वाहक सापडतात. मामाच्या मुलीशी लग्न ठरत असेल तर तपासणी आणखी गरजेची ठरते, कारण आजीकडून किंवा आजोबांकडून आलेला तोच दोष दोघांतही असू शकतो.

२. काय मागायचे आणि सोबत काय न्यायचे

प्रयोगशाळेत दोन तपासण्या एकत्र मागा: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. काही ठिकाणी दुसरीऐवजी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करतात. ती पद्धत वेगळी असली तरी हेतू तोच आहे. परवडत असेल तर त्याच वेळी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणी करून घ्या. का, ते पुढे येईल.

यासाठी उपाशीपोटी राहावे लागत नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात. फेरिटिनसाठी वेगळी नळी लागते. चिपळूण, खेड, कणकवलीसारख्या ठिकाणी बहुधा फक्त रक्त घेण्याचे केंद्र असते आणि एचपीएलसी मुंबईत किंवा पुण्यात होते, त्यामुळे रिपोर्टला काही दिवस लागतात हे गृहीत धरा. नमुना कधी रवाना होतो हे विचारा आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी रक्त देऊ नका.

सोबत असावे असे:

- ओळखपत्र, आणि रिपोर्टवर नाव, वय व लिंग अचूक छापले जाईल याची खात्री
- रक्ताचे जुने रिपोर्ट, विशेषतः पूर्वी कधी ‘रक्त कमी आहे’ असे निघाले असेल तर
- चालू औषधांची चिठ्ठी, त्यात लोहाच्या गोळ्या आणि बी-१२ ची इंजेक्शने आवर्जून
- गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवले असल्यास त्याची नोंद, कारण दुसऱ्याचे रक्त अंगात असताना एचपीएलसीचा निकाल ग्राह्य धरता येत नाही

महाविद्यालयात किंवा गावच्या शिबिरात पूर्वी तपासणी झाली असेल तर ती कोणती होती ते पाहा. शिबिरात पुष्कळदा नेस्ट्रॉफ्ट नावाची चाळणी करतात. नळीत मिठाच्या पातळ पाण्यात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीच्या मागची काळी रेघ स्पष्ट दिसते का ते पाहतात. रेघ दिसली नाही तर पुढची तपासणी करायची असते. लोह कमी असले तरी ही चाळणी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे तेवढ्यावरून कोणालाही वाहक ठरवू नये.

३. रिपोर्टमधले चार आकडे वाचा

एचपीएलसीच्या कागदावर एक आलेख असतो. त्यात एक उंच सुळका दिसतो आणि त्याच्या उजवीकडे एक बुटका. उंच सुळका नेहमीच्या हिमोग्लोबिनचा असतो आणि बुटका हिमोग्लोबिन ए२ चा. आपले सगळे लक्ष त्या बुटक्या सुळक्यापुढे लिहिलेल्या टक्केवारीकडे हवे. ती साधारण ३.३ पर्यंत असेल तर सामान्य, ४ ते ७ च्या दरम्यान असेल तर बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाची, आणि ३.४ ते ३.९ म्हणजे सीमेवरची. प्रयोगशाळेप्रमाणे या मर्यादा थोड्या मागेपुढे होतात.

हा आकडा एकटा वाचू नये. सीबीसीमधले तीन आकडे त्याच्याशेजारी मांडावेत. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, जो वाहकात ८० च्या खाली असतो, बहुधा ६० ते ७५. एमसीएच म्हणजे एका पेशीतले हिमोग्लोबिन, जे वाहकात २७ च्या खाली असते. तिसरा आकडा आरबीसीचा, म्हणजे पेशींच्या संख्येचा. वाहकाच्या पेशी लहान असल्या तरी संख्येने भरपूर असतात, प्रति मायक्रोलिटर पन्नास लाखांच्या आसपास किंवा वर. लोह कमी असलेल्या माणसाच्या पेशीही लहान असतात, पण त्यांची संख्याही घटलेली असते. एमसीव्हीला आरबीसीने, म्हणजे दशलक्षातल्या आकड्याने, भागून १३ पेक्षा कमी उत्तर आले तर वाहक असण्याचा संशय बळावतो आणि जास्त आले तर लोहाच्या कमतरतेचा. हा केवळ अंदाज आहे, निदान नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतील तर तो हमखास फसवतो.

ए२ च्या जागी २५ ते ३० टक्के असा मोठा आकडा आला तर ते बहुधा हिमोग्लोबिन ई असते. रिपोर्टवर ‘एस’ किंवा ‘डी’ या नावापुढे मोठा आकडा दिसला तर तो हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असतो, त्यातला ‘एस’ म्हणजे सिकलसेलचा. थॅलेसेमियाचा एक वाहक आणि हिमोग्लोबिन ई किंवा सिकलसेलचा दुसरा वाहक अशी जोडीही धोक्याची असते. म्हणून ‘थॅलेसेमिया नाही’ एवढे वाचून थांबू नये, पूर्ण कागद डॉक्टरांना दाखवावा.

४. लोहाच्या कमतरतेचा सापळा

या भागासाठी बहिणीचे रिपोर्टच उलगडून दाखवतो.

मुलाचा निकाल सरळ होता: हिमोग्लोबिन १३.१, एमसीव्ही ६८, ए२ ५.२. म्हणजे तो वाहक. बहिणीचा असा आला: हिमोग्लोबिन ९, एमसीव्ही ६६, एमसीएच २०.५, आरबीसी ४.४, ए२ ३.४. खाली छापील शेरा होता की बीटा थॅलेसेमियाचा पुरावा आढळत नाही. दोन्ही घरांत पेढे वाटायची तयारी झाली. भागाकार केला तर ६६ भागिले ४.४ म्हणजे १५, तोही लोहाच्या कमतरतेकडेच बोट दाखवत होता.

रत्नागिरीच्या एका फिजिशियनने कागद पाहून लगेच फेरिटिन करायला सांगितले. ते ६ आले, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला होता. त्यांनी समजावले ते असे की लोह कमी पडले की शरीर ए२ कमी बनवते. त्यामुळे ज्या वाहकाचा ए२ एरवी चारच्या वर गेला असता, त्याचा आकडा लोहाअभावी सीमेवर किंवा तिच्याही खाली उतरू शकतो. लहान पेशी, लोह कमी आणि समोर वाहक जोडीदार अशा स्थितीत ३.४ या आकड्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तो निकाल ‘अजून ठरलेला नाही’ असा वाचायचा. छापील शेरा प्रयोगशाळा ए२ च्या आकड्यावरून देते. त्या माणसाचे फेरिटिन किती आणि जोडीदाराचा रिपोर्ट काय, हे तिला ठाऊक नसते.

तीन महिने लोहाच्या गोळ्या झाल्यावर तपासणी पुन्हा केली. हिमोग्लोबिन १०.९ वर आले, फेरिटिन सुधारले, पण एमसीव्ही ६५ वरच राहिला, आरबीसी ५.३ झाली आणि ए२ ४.४ आला. लोह भरून निघाले तरी पेशी लहानच राहिल्या, ही खूण महत्त्वाची आहे. ती वाहक होती.

यावरून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तापात आणि जंतुसंसर्गात फेरिटिन खोटेच वाढते. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो आणि डेंग्यूच्या साथी असतात, त्यामुळे नुकताच ताप येऊन गेला असेल तर बरे झाल्यावर काही आठवड्यांनीच फेरिटिन करावे. लोहाची गोळी जेवणावरच्या चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, आणि मग तीन महिन्यांनीही आकडे हलत नाहीत. उलट बाजूही आहे: वाहकाचे रक्त कायमच थोडे कमी दिसते, म्हणून फेरिटिन न पाहता त्याला वर्षानुवर्षे लोह देत राहणे चूक आहे.

बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी असेल तर उलटा घोटाळा होतो. तेव्हा ए२ थोडा वर सरकतो आणि वाहक नसलेला माणूस ३.६ किंवा ३.८ वर दिसतो. अशा वेळी एमसीव्ही बहुधा कमी नसून सामान्य किंवा वाढलेला असतो, त्यावरून संशय घ्यावा. पूर्ण शाकाहारी घरात हे विशेष पाहावे.

तीन महिने थांबायला वेळ नसेल तर बीटा ग्लोबिन जनुकाची डीएनए तपासणी करता येते. तिच्यावर लोहाच्या कमतरतेचा परिणाम होत नाही. ती महाग पडते आणि वेळही लागतो, पण लग्नाची तारीख डोक्यावर असेल किंवा मुलगी आधीच गरोदर असेल तर लोह भरून येण्याची वाट पाहू नये.

५. आधी कोणाची तपासणी, आणि कळवायचे कधी

दोघांची एकाच वेळी करणे सर्वांत बरे, कारण एकाची बाजू सीबीसी आणि एचपीएलसी या दोन्हींत निर्विवाद सामान्य निघाली की विषय तिथेच संपतो. दुसऱ्याचा निकाल सीमेवरचा असला तरी मेजरच्या दृष्टीने त्याचा पिच्छा पुरवण्याची गरज उरत नाही. गोंधळ होतो तो दोन्ही बाजू धूसर असताना.

माझे मत असे की तपासणी पसंती झाल्यावर आणि साखरपुड्याआधी करावी. पत्रिकेसोबत रिपोर्ट मागणे मला पटत नाही, कारण मग वाहक मुलीचे नाव मध्यस्थांच्या तोंडी गावभर फिरते आणि वाहक मुलाचे मात्र फिरत नाही. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हाती यावा, आणि मुलाने व मुलीने तो आधी एकमेकांना दाखवावा. घरच्यांना सांगताना ‘आजार आहे’ असे न म्हणता ‘वाहक आहे’ असेच म्हणावे. आमच्या आत्याला ही बाब पटायला बराच वेळ लागला. मुलगी धडधाकट आहे, भात लावते, विहिरीचे पाणी काढते, मग रिपोर्टात ‘थॅलेसेमिया’ कसे लिहिले, हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

६. दोघेही वाहक निघाले तर

प्रत्येक गर्भधारणेत चारपैकी एक शक्यता मेजरची, दोन शक्यता वाहकाच्या आणि एक शक्यता पूर्ण निर्दोष मुलाची असते. हा हिशेब प्रत्येक खेपेस नव्याने सुरू होतो. पहिले मूल मेजर झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असे समजणे चूक आहे.

लग्न करायचे की नाही हे त्या दोघांनी ठरवायचे. बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने लग्न केले. अशा जोडप्यापुढे मूल न होऊ देणे, दत्तक घेणे, दात्याचे बीज घेणे, टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भ रोवण्याआधीच त्याचे जनुक तपासणे, किंवा नैसर्गिक गर्भधारणेनंतर गर्भाची तपासणी करणे हे मार्ग असतात. शेवटचा मार्ग सर्वाधिक निवडला जातो, म्हणून त्याचा क्रम देतो.

गर्भधारणेपूर्वी दोघांची डीएनए तपासणी करून दोष नेमका कोणता ते शोधावे लागते. भारतात सर्वाधिक आढळणारा दोष आयव्हीएस १-५ या नावाचा आहे आणि या दोघांतही तोच निघाला. हे आधी माहीत नसेल तर गर्भात काय शोधायचे हेच कळत नाही आणि मौल्यवान आठवडे वाया जातात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी ही रक्तविकारांवरची संस्था आहे आणि ती या विषयावर दीर्घकाळ काम करते. जाण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी आणि नवरा-बायकोने एकत्र जावे, कारण दोघांचेही रक्त लागते.

पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना कळवावे. अकराव्या आठवड्यापासून वारेचा सूक्ष्म तुकडा काढून तपासता येतो, त्याला सीव्हीएस म्हणतात. ती वेळ हुकली तर सोळाव्या आठवड्याच्या आसपास गर्भजल काढून तपासतात. दोन्हींत गर्भपाताचा अल्प धोका असतो, म्हणून अनुभवी डॉक्टरच निवडावेत. निकालाला साधारण एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे सीव्हीएसचा मोठा फायदा वेळेचा आहे.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायदा १९९४ नुसार हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करता येते. त्यासाठी तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घेतली जाते आणि तिची प्रत तुम्हाला मिळते. गर्भाचे लिंग सांगितले जात नाही, आणि विचारूही नये. गर्भ मेजर निघाला आणि जोडप्याने गर्भपाताचा निर्णय घेतला, तर २०२१ च्या सुधारणेनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक परिस्थितींतच आणि दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी असते. वेळेत निर्णय घेता यावा म्हणूनच हा सगळा क्रम आधी लावायचा.

या तपासणीच्या फाइलमध्ये दोघांचे सीबीसी, एचपीएलसी, फेरिटिन, डीएनए रिपोर्ट, रक्तगट, पहिली सोनोग्राफी, दोघांची ओळखपत्रे आणि विवाह नोंदणीचा दाखला एकत्र ठेवा. मूळ कागद घरी आणि प्रती सोबत. रेल्वेच्या गर्दीत एकमेव प्रत हरवलेली माणसे मी पाहिली आहेत.

७. नंतर राहिलेले

बहिणीच्या गर्भाचा निकाल ‘वाहक’ असा आला आणि गर्भधारणा पुढे चालू राहिली. अशा मुलाची एचपीएलसी जन्मल्याबरोबर करून उपयोग नसतो, कारण तान्ह्या बाळात गर्भकाळातले हिमोग्लोबिन जास्त असते आणि ए२ ची पातळी अजून खरी कळत नाही. एक वर्ष उलटल्यावर ती करावी. दुसऱ्या खेपेस गर्भाची तपासणी पुन्हा करावी लागते, मात्र नवरा-बायकोचा डीएनए रिपोर्ट जुनाच चालतो.

एक माणूस वाहक निघाला की त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाची वाहक असण्याची शक्यता निदान निम्मी असते. म्हणून त्यांची आणि लग्नाच्या वयातल्या चुलत, मामे, मावस भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. आमच्याकडे ती पुढच्या गणपतीत एकाच दिवशी झाली, कारण सगळे तेव्हाच घरी असतात आणि रक्त घ्यायला आलेल्या मुलाला एकाच फेरीत सर्वांचे नमुने नेता येतात.